जोडीने एकमेकांचे चित्र-प्रॉम्प्ट सुधारण्याचा एक तासाचा पाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मराठी शाळांमधले शिक्षक या तासाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हा तास मी आठवी ते दहावीच्या वर्गांत घेते. नव्याने घेणाऱ्यांनी पहिले पाच प्रश्न सलग वाचावेत, बाकीचे अडेल तेव्हा पाहिले तरी चालतील.

चित्र-प्रॉम्प्ट म्हणजे नेमकं काय, आणि तो जोडीने का सुधारायचा?

संगणकाकडून चित्र काढून घेण्यासाठी आपण जे वर्णन लिहून देतो तो प्रॉम्प्ट. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र आधीच असतं, म्हणून त्याला आपल्या वाक्यातली भोकं दिसत नाहीत. "आजी चुलीपाशी बसलीय" एवढं लिहिलं की त्याला आपली आजी, आपली चूल आणि परसातलं दार सगळं दिसतं. कागदावर यातलं काहीच नसतं. स्वतःचं वाक्य दहा वेळा वाचलं तरी हे कळत नाही. दुसऱ्याने वाचून त्याच्या मनात काय उभं राहिलं हे दाखवलं की लगेच कळतं.

म्हणून जोडीदाराचं काम दुरुस्ती करण्याचं नाही. त्याने वाक्य वाचायचं आणि जे दिसलं ते पेन्सिलीने काढून दाखवायचं. दुरुस्ती लिहिणाऱ्यानेच करायची. या एका नियमावर सगळा तास उभा आहे. तो मोडला तर हुशार मूल दुसऱ्याचा प्रॉम्प्ट स्वतःच लिहून टाकतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं.

साठ मिनिटांचा आराखडा कसा आहे?

० ते ८ मिनिटं. फळ्यावर एकच वाक्य लिहा: "शाळेसमोर झाड आहे." सगळ्यांनी एका मिनिटात वहीत ते चित्र काढायचं आणि वह्या वर धरायच्या. कुणी नारळ काढतो, कुणी वड, कुणाचं झाड शाळेपेक्षा मोठं, कुणाची शाळा कौलारू तर कुणाची स्लॅबची. यातलं चूक कुणाचंच नाही, वाक्यानेच एवढं मोकळं सोडलं होतं, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

८ ते १६. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला प्रॉम्प्ट लिहायचा, पंचवीस शब्दांच्या आत. दुसऱ्या, वेगळ्या चिठ्ठीवर आपल्या चित्रात दिसायलाच हव्यात अशा तीन गोष्टी लिहायच्या. या चिठ्ठीला आम्ही खूणचिठ्ठी म्हणतो. ती घडी घालून खिशात ठेवायची, जोडीदाराला दाखवायची नाही.

१६ ते २१. प्रॉम्प्टच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल. न बोलता, प्रश्न न विचारता, समोरच्याचं वाक्य वाचून चित्र काढायचं.

२१ ते ३३. बोलणं, प्रत्येक प्रॉम्प्टसाठी सहा मिनिटं. सहा मिनिटं झाली की घंटा वाजवा, नाहीतर पहिल्याच प्रॉम्प्टमध्ये वेळ संपतो.

३३ ते ३९. चिठ्ठी मूळ मालकाकडे परत, आणि त्याने प्रॉम्प्ट नव्याने लिहायचा. मर्यादा चाळीस शब्दांची.

३९ ते ५५. चिठ्ठ्या टाकून चार जोड्या निवडा. प्रत्येक जोडीचा एक प्रॉम्प्ट आधीचा आणि नंतरचा असा दोनदा यंत्राला द्यायचा. टाइप करणं, चित्रं येणं आणि पडद्यावर पाहणं धरून एका वेळेला साधारण दोन मिनिटं जातात, म्हणजे आठ वेळांत सोळा मिनिटं.

५५ ते ६०. खूणचिठ्ठ्या उघडून त्यांवरच्या गोष्टी किती चित्रांत आल्या याची मोजणी करायची आणि चिठ्ठ्या गोळा करायच्या.

सहा मिनिटांच्या बोलण्यात मुलांनी नक्की काय बोलायचं?

हा तासाचा गाभा आहे आणि सैल सोडला तर सगळ्यात लवकर हाच बिघडतो. "छान आहे", "अजून जरा चांगलं लिही" एवढ्यावर गाडी थांबते. त्यासाठी जोडीदाराने आधी आपलं चित्र पुढे ठेवायचं. लिहिणाऱ्याने "हे चुकलंय" म्हणायचं नाही, "माझ्या मनात असं होतं" असं म्हणून फरक सांगायचा. मग जोडीदाराने तीन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने.

पहिला: "हे सगळं मी कुठे उभा राहून बघतोय?" दारातून, माळ्यावरून, की आजीच्या समोर मांडी घालून? बहुतेक मुलांनी हे लिहिलेलंच नसतं.

दुसरा: "उजेड कुठून येतोय?" यावरून वेळही ठरते आणि जागाही. सकाळचं तिरपं ऊन, चुलीतला जाळ, पावसाळ्यातला कोंदट उजेड, प्रत्येकाचं चित्र वेगळं निघतं.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: "बेळगाव कधीच न पाहिलेल्या माणसाला या वाक्यातला कुठला शब्द कळणार नाही?" असे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायचे आणि नाव तसंच ठेवलं तरी ती वस्तू दिसते कशी, हे लिहायचं. हा प्रश्न का लागतो ते पुढच्या उत्तरात आहे.

जोडीदाराने चित्र बरोबर काढलं, तरी यंत्राने भलतंच काढलं. असं का होतं?

कारण जोडीदारही तुमच्याच गावचा आहे. आमच्या वर्गात घडलेलं उदाहरण सविस्तर सांगते, कारण "जोडीत काम करूनही उपयोग झाला नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच उगम पावते.

एका मुलीने लिहिलं होतं: "आजी कुंडा करायलीय, सुंदर चित्र." तिच्या खूणचिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या: मातीची चूल, पसरट कढई, कढईत तपकिरी कुंडा. जोडीदार मुलाने आजी काढली, कढई काढली, कढईत कुंडाही काढला, फक्त चुलीऐवजी गॅसची शेगडी काढली आणि आजीला ओट्यापाशी उभी केली. त्यांचं बोलणं सुरू झालं.

"उभी कशाला? आमची आजी बसून करते की."

"मग तसं लिही की. मला काय माहीत?"

चूल आली, बसणं आलं. कुंड्याबद्दल मात्र दोघांनी अवाक्षर काढलं नाही, कारण दोघांनीही तो आयुष्यभर खाल्ला आहे. पहिला प्रॉम्प्ट यंत्राला दिला तेव्हा चार चित्रं आली. तीन चित्रांत आजी फुलझाडाच्या कुंडीत माती भरत होती आणि चौथ्यात ती एका मातीच्या भांड्याला आकार देत होती. वर्गात हशा पिकला, पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर वाक्यात दुसरं काही नव्हतंच. दूध, साखर, परतणं, तपकिरी रंग, दाणेदारपणा यातला एकही शब्द तिने लिहिला नव्हता.

तेव्हा वाक्यात भोकं दोन प्रकारची असतात. एक, जे लिहिणाऱ्याला माहीत आहे पण जोडीदाराला नाही. ते जोडीदाराच्या चित्रात आपोआप उघडं पडतं. दुसरं, जे दोघांनाही इतकं ओळखीचं आहे की ते सांगायला हवं हेच सुचत नाही. ते जोडीदाराच्या चित्रात कधीच दिसत नाही, कारण तो ते स्वतःच्या माहितीने बुजवून टाकतो. आमच्या मुलीने चूल न लिहिणं हे पहिल्या प्रकारचं आणि कुंडा नुसता नावाने लिहिणं हे दुसऱ्या. तिसरा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे तो या दुसऱ्या प्रकारासाठी. त्या दिवशीपर्यंत आराखड्यात दोनच प्रश्न होते.

मग तो प्रॉम्प्ट शेवटी कसा झाला?

दुसऱ्या फेरीत त्या मुलीने असं लिहिलं: "म्हातारी बाई जमिनीवर बसून मातीच्या चुलीवरच्या पसरट लोखंडी कढईत घट्ट, दाणेदार, गडद तपकिरी दुधाची मिठाई लांब उलथन्याने ढवळतेय. डाव्या दारातून सकाळचं ऊन. समोर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून." आमच्या इंग्रजीच्या सरांनी मुलांकडूनच त्याचं भाषांतर करून घेतलं आणि आम्ही यंत्राला दिलं ते असं:

```
An old woman sits on the floor by a clay wood-fire stove,
stirring a thick, grainy, dark brown milk sweet in a wide
iron pan with a long spatula. Morning light from a door
on the left. Seen from the eye level of a seated child.
```

चारही चित्रांत कढई आली, चारांत तपकिरी मिठाई आली, तिघांत मातीची चूल आली. पण दोन चित्रांत आजीने लांब झगा आणि एप्रन घातला होता आणि केस सोनेरी-पांढरे होते. हेही दुसऱ्या प्रकारचंच भोक. "आजी साडीत असते" हे लिहायला हवं असं वर्गातल्या एकालाही वाटलं नव्हतं. "विरलेल्या हिरव्या सुती साडीत, हातात काचेच्या बांगड्या" एवढीच भर तिने घातली आणि बाकी वाक्याला हात लावला नाही. पुढच्या चारही चित्रांत आजी साडीत होती.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा आग्रह धरा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारलं, तर कशामुळे सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रॉम्प्ट मराठीत लिहायचा की इंग्रजीत?

जोडीतलं सगळं काम मराठीत. मुलांना नेमकं बघायला आणि नेमकं सांगायला लावायचं आहे, आणि ते आपल्या भाषेतच जमतं. "करायलीय", "बसलंय", असं घरचं बोलणंही चिठ्ठीवर चालू द्या.

यंत्राला देताना मात्र पाहावं लागतं. गप्पांच्या स्वरूपातली नवी साधनं मराठी वाक्य बऱ्यापैकी समजून घेतात. जुनी, मोफत मिळणारी बरीच साधनं मुख्यतः इंग्रजी मजकूर जोडलेल्या चित्रांवर शिकलेली आहेत. त्यांना देवनागरी दिलं तर ती चूक दाखवत नाहीत, वाक्याशी संबंध नसलेलं एक देखणं चित्र काढून मोकळी होतात. ओळखायची खूण सोपी आहे: "लाल चेंडू, निळं टेबल" एवढंच मराठीत देऊन बघा. चेंडू आणि टेबल आलं नाही, तर इंग्रजीतच द्यावं लागेल.

भाषांतराचं ॲप वापरत असाल तर निकाल वाचून घ्या. "भाकरी"चं बहुतेक वेळा नुसतं "ब्रेड" होतं आणि चित्रात पाव येतो. घरचं क्रियापद भाषांतराच्या आधी प्रमाण करून घ्या, "करायलीय" चं "करत आहे". हे दोन-तीन शब्द मुलांनाच शोधायला लावले तर त्यांना आवडतं.

वर्गात काही मुलांची घरची भाषा कन्नड आहे. जोड्या कशा लावायच्या?

मुद्दाम मिसळून लावा. मराठी घरचं मूल आणि कन्नड घरचं मूल एकत्र आलं की तिसरा प्रश्न जास्त खोल जातो. एक "भाकरी" म्हणतो, दुसरा "रोट्टी", आणि मग जाड की पातळ, मऊ की वाळवलेली कडक, असं दोघांना एकमेकांना सांगावंच लागतं. नावावर एकमत होत नाही तेव्हा वर्णन आपोआप बाहेर येतं. पेन्सिलीचं चित्र तर दोघांनाही सारखंच वाचता येतं. चिठ्ठी मराठीत अडखळत लिहिली असेल तर शुद्धलेखन या तासात तपासू नका.

एकाच गल्लीतल्या दोन जिवलग मैत्रिणींची जोडी सगळ्यात कमी उपयोगाची ठरते. खानापूरकडच्या गावातलं मूल आणि बेळगाव शहरातलं मूल एकत्र बसवता आलं तर बघा. पावसाळा, घर, अंगण, सगळ्यात फरक निघतो.

संख्या विषम असेल तर?

तिघांचा गट करा. एकाचा प्रॉम्प्ट दोघांनी वेगवेगळा काढायचा, एकमेकांच्या कागदात न पाहता. जिथे दोन चित्रं एकमेकांपासून वेगळी, तिथे वाक्य मोकळं राहिलंय. हे इतकं स्वच्छ दिसतं की वेळ असेल तर मी सम संख्येतही एखादा तिघांचा गट करते.

आमचा तास चाळीस मिनिटांचाच असतो. काय गाळायचं?

काहीच गाळू नका, दोन भाग करा. एकोणचाळिसाव्या मिनिटापर्यंतचं काम एका दिवशी आणि यंत्राचं काम दुसऱ्या दिवशी. चित्र काढण्याची पाच मिनिटं वाचवायचा मोह होतो, पण ती काढली तर उरतो फक्त "छान आहे".

इंटरनेट नाही, किंवा ऐन वेळी लाइट गेली तर?

पहिल्या एकोणचाळीस मिनिटांना वीज लागतच नाही. पावसाळ्यात हा तास घेताना मी दुसरा भाग वर्गात होईल हे गृहीत धरतच नाही. निवडलेल्या चार जोड्यांच्या चिठ्ठ्या घरी नेते, रात्री फोनवरून चित्रं काढून घेते आणि दुसऱ्या दिवशी फोनच जोडी-जोडीला फिरवते. आलेलं प्रत्येक चित्र ठेवा. फक्त चांगली चित्रं निवडून दाखवली तर मोजणीला अर्थ राहत नाही.

मुलांनी आपापल्या फोनवरून केलं तर चालेल का?

मी करू देत नाही. बऱ्याच साधनांच्या अटींमध्ये वयाची मर्यादा असते आणि अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती मागितलेली असते. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांना मूलच धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी असं म्हटलं आहे. शिक्षकाच्या एका खात्यावरून, सगळ्यांसमोर, पडद्यावर केलं की हा प्रश्नच राहत नाही. मुलांचे किंवा घरच्यांचे फोटो चढवायचे नाहीत, प्रॉम्प्टमध्ये खरी नावं घालायची नाहीत.

"सुंदर", "अप्रतिम", "4K" असे शब्द मुलं हमखास घालतात. काढून टाकायला सांगायचं का?

सांगू नका, जोडीदाराकडे सोपवा. नियम असा: जो शब्द पेन्सिलीला काढता आला नाही, त्यावर जोडीदाराने फुली मारायची. "सुंदर" काढता येत नाही. "कपाळावर आठ्या" काढता येतात. "जुनं घर" अर्धवट काढता येतं, मग विचारायचं, जुनं कशावरून? भिंतीचा पोपडा, तुटकं कौल, वाकलेला वासा? असा एकेक शब्द बदलत गेला की वाक्य आपोआप भरीव होतं.

सुधारलेला प्रॉम्प्ट फुगत जातो, ऐंशी शब्दांचा होतो. लांब तेवढा चांगला नाही का?

नाही. वाक्य फार लांबलं की त्यातल्या काही गोष्टी चित्रात येतच नाहीत, आणि कुठल्या गळतील हे आपल्या हातात राहत नाही. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये मजकूर वाचणारा भाग ७७ तुकड्यांपुरतंच वाचायचा. हे तुकडे म्हणजे शब्द किंवा शब्दांचे भाग. त्यापुढचं साधारणपणे कापलं जायचं. नवी साधनं बरंच जास्त वाचतात, तरी गर्दीत तपशील हरवतातच.

म्हणून चाळीस शब्दांची मर्यादा. एखादा शब्द घालायचा असेल आणि जागा नसेल, तर खूणचिठ्ठीवर नसलेलं काहीतरी काढायचं. आपल्याला चित्रात खरंच काय हवंय हे मुलाला इथे ठरवावंच लागतं.

"मोबाइल नको" असं लिहिलं तरी चित्रात मोबाइल येतो. का?

चित्र काढणारी बरीच यंत्रं "नको" हा शब्द नीट धरत नाहीत. मोबाइल हा शब्द वाचला की तो चित्राकडे ओढला जातो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टी लिहायला वेगळी चौकट असते, ती असेल तर वापरा. नसेल तर नको ते लिहिण्याऐवजी तिथे काय हवं ते लिहायचं. "हातात मोबाइल नको" ऐवजी "दोन्ही हातांनी उलथनं धरलंय". जोडीदाराने "नको", "नाही", "शिवाय" या शब्दांभोवती गोल करायचा एवढं सांगून ठेवलं की पुरतं.

दोन माणसं असली की रंग एकमेकांत मिसळतात. काय करायचं?

लाल साडीतली आजी आणि हिरव्या फ्रॉकमधली नात लिहिली की कधीकधी साडीच हिरवी येते. हा यंत्रांचा ओळखीचा दोष आहे, मुलाच्या वाक्याचा नाही. प्रत्येक माणसाचं वेगळं वाक्य केलं, आणि कोण डावीकडे कोण उजवीकडे हे लिहिलं, तर बरंच सुधारतं. तासाभरात बसवायचं तर मी प्रॉम्प्टमध्ये एकच माणूस ठेवायला सांगते. मोजून वस्तू मागणंही टाळा. "सात कौलं" मागितली तर पाच येतील नाहीतर नऊ.

दुसरं चित्र पहिल्यापेक्षा वाईट आलं तर मुलाला काय सांगायचं?

आधी हे पाहा की एकाच चित्रावरून ठरवलंय का. तेच वाक्य, एकही अक्षर न बदलता, दोनदा दिलं तरी दोन वेगळी चित्रं येतात, कारण यंत्र दर वेळी वेगळ्या ठिपक्यांच्या पसाऱ्यापासून सुरुवात करतं. पहिल्या वेळी नशिबाने चांगलं आलं असेल. म्हणून आधीच्या प्रॉम्प्टची चार आणि नंतरच्याची चार चित्रं काढायची आणि खूणचिठ्ठीवरच्या तीनपैकी कुठली गोष्ट किती चित्रांत आली ते मोजायचं. कुंड्याच्या उदाहरणात पहिल्या वेळी तिन्ही गोष्टी चारपैकी शून्य चित्रांत होत्या, दुसऱ्या वेळी चूल तीनात, कढई चारात, कुंडा चारात.

मोजणीतही खरंच खाली आलं, तर वाक्यात नवं आलेलं एकेक काढून बघा. बऱ्याचदा एखादा शब्द सगळं चित्र स्वतःकडे ओढत असतो. एका मुलाने पावसातल्या घरात "कंदील" घातला आणि चारही चित्रांत रात्र झाली, कौलं अंधारात गेली. त्याला दुपार हवी होती. कंदील काढला, कौलं परत आली.

आम्ही वापरतो ते साधन प्रॉम्प्ट स्वतःच सुधारून घेतं. मग मुलांच्या कामाचा फरक दिसणार कसा?

हा अडचणीचा प्रश्न आहे, आणि अशी साधनं वाढताहेत. तुम्ही तीन शब्द दिले तरी आतल्या आत ते लांब वर्णन तयार करतं आणि मग चित्र काढतं. त्यामुळे "आजी चुलीपाशी" एवढ्यावरही देखणं चित्र येतं आणि मुलांना वाटतं, आपली मेहनत फुकट. ओळखायची खूण: तुम्ही न लिहिलेला उजेड, न लिहिलेली पार्श्वभूमी चारही चित्रांत सारखीच येते.

सुधारणा बंद करायची सोय असेल तर बंद करा. नसेल तर "हे वाक्य जसंच्या तसं वापर, काही वाढवू नको" असं आधी लिहून बघा, थोडा फरक पडतो. तेही जमलं नाही तर चित्र देखणं आहे का हा प्रश्न बाजूला ठेवून फक्त खूणचिठ्ठीची मोजणी करा. यंत्र वाक्य सजवू शकतं, पण मुलाच्या खिशातली चिठ्ठी त्याने वाचलेली नसते. कढई पसरट हवी होती हे त्याला मुलानेच सांगावं लागतं.

शिवजयंतीचे चित्ररथ, देव, महाराज, गावचे फलक असे विषय मुलं घेतात. चालू द्यायचे का?

चित्ररथ जरूर घेऊ द्या, या तासासाठी तो उत्तम विषय आहे. बेळगावच्या मुलासाठी चित्ररथ म्हणजे ट्रॉलीवर उभा केलेला सजीव देखावा, समोर लेझीम, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. भाषांतरात त्याचा रथ होतो आणि चित्रात चार घोडे येतात. तिसऱ्या प्रश्नाला याहून चांगलं खाद्य नाही.

महाराजांचं किंवा देवाचं चित्र मात्र मी मागू देत नाही. पेहराव, चेहरा, शस्त्रं यंत्र हमखास चुकवतं, आणि ते चित्र पडद्यावरून फोनमध्ये आणि फोनमधून गावभर जायला वेळ लागत नाही. ज्याबद्दल मनात श्रद्धा आहे त्याचं चुकीचं चित्र तीस मुलांसमोर मोठं करून दाखवायला मला नको वाटतं. देखाव्यातली माणसं "मावळ्याच्या वेशातला शाळकरी मुलगा" अशी लिहिली की काम भागतं, आणि खऱ्या चित्ररथावर तो शाळकरी मुलगाच असतो.

फलक, झेंडे, पाट्या यांच्याबाबत नियम साधा आहे: चित्रात लिखाण नको. देवनागरी असो की कन्नड, बरीच साधनं अक्षरांसारखे दिसणारे निरर्थक आकार काढतात. आमच्या भागात पाटीवर कुठल्या भाषेत काय लिहिलंय यावरून लगेच चर्चा सुरू होते, आणि ती ज्या पाटीवरून व्हावी त्या पाटीवर वाचण्यासारखं एक अक्षरही नसतं.

गुण कशाला द्यायचे?

चित्राला देऊ नका. ते वर सांगितल्याप्रमाणे नशिबावरही अवलंबून असतं. मी जोडीदाराचं चित्र, अधोरेखित शब्द आणि दोन्ही प्रॉम्प्ट एकत्र पिन करून घेते आणि दोनच गोष्टी पाहते. जोडीदाराच्या चित्रात उघडी पडलेली भोकं लिहिणाऱ्याने दुसऱ्या वेळी बुजवली का? आणि अधोरेखित शब्दांपुढे वर्णन आलं का? ज्यांची चिठ्ठी यंत्रासाठी निघाली नाही त्यांनाही यामुळे सारखंच मोजता येतं.

तासानंतर या चिठ्ठ्यांचं काय करता?

अधोरेखित शब्द एका वहीत उतरवून ठेवतो. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर तो दिसतो कसा. पुढच्या वर्गाला ही वही तास संपल्यावर दाखवायची, आधी नाही, नाहीतर ते आयतं वर्णन उतरवून घेतात. शेवटची नोंद खानापूर तालुक्यातल्या एका मुलाची आहे, "कौल" या शब्दापुढची: "भाजलेल्या विटेच्या रंगाचं, वहीच्या पानापेक्षा मोठं, कडेला खाच असलेलं. एकमेकांत अडकवून उतरत्या छपरावर बसवतात. पावसाळ्यात वर हिरवं शेवाळ धरतं, आतून धुराने काळं असतं."